प्रकल्प नोंदी : ध्वनिचित्रित व्याख्यानातून प्रकरणे आणि शोधता येणारी रूपरेषा

२ जून २०२५, नेरूळ

स्थापत्य विभागातील मॅडमनी पाणीपुरवठा अभियांत्रिकीची बारा व्याख्याने गेल्या वर्षीच्या पावसाळी सत्रात, बारावे वगळता ठाण्यातील आपल्या घरून, संगणकाचा पडदा रेकॉर्ड करून तयार केली होती, आणि ती तेव्हापासून विभागाच्या सर्व्हरवर नुसत्या क्रमांकांनी पडून आहेत. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्याला अख्खे व्याख्यान नको असते. क्लोरीनीकरण कोणत्या मिनिटाला सुरू होते, मोरबे धरणाचे उदाहरण कुठे येते, एवढेच त्याला हवे असते, आणि तेवढ्यासाठी तो व्हिडिओची पट्टी पुढे-मागे ओढत बसतो. स्लाइड बदलल्याचे क्षण आपोआप ओळखायचे, त्यांवरून प्रकरणे पाडायची आणि स्लाइडवरील मजकूर शोधता येईल अशी रूपरेषा तयार करायची, असे काम आजपासून हाती घेतले आहे.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "अहो, माझ्याकडे पीपीटी आहे की, तीच घेतली तर?" ती मी मागून घेतली आणि उघडूनही पाहिली. तिच्यातून दोन अडचणी निघाल्या. एक म्हणजे कोणती स्लाइड केव्हा दिसली हे त्या फाइलला माहीत नसते. बोलताना सात स्लाइड गाळल्या गेल्या आणि तीनदा मागे जाणे झाले, याची खूण फक्त व्हिडिओत आहे. दुसरे म्हणजे अर्ध्या स्लाइड युनिकोडपूर्व फाँटात आहेत, त्यामुळे फाइलमधून मजकूर काढला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा हाती येतो. पडद्यावरच्या चित्राला मात्र फाँटाशी देणेघेणे नसते. म्हणून चित्रावरूनच काम करायचे ठरले.

नमुन्यासाठी सातवे व्याख्यान घेतले : `v07.mp4`, ५४ मिनिटे २० सेकंद, १२८० × ७२० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, उजव्या वरच्या कोपऱ्यात ३२० × १८० च्या चौकटीत मॅडमचा चेहरा. ते वहीपेन घेऊन स्वतः पाहिले आणि खरे उत्तर आधीच लिहून ठेवले. ३१ निरनिराळ्या स्लाइड दिसतात, त्यांतील तीन पुन्हा दिसतात, म्हणजे एकूण ३४ 'दर्शने' आणि त्यांच्यामध्ये ३३ बदल. त्याखेरीज ४४ वेळा त्याच स्लाइडवर नवा मुद्दा उमटतो. हे ४४ प्रसंग बदल म्हणून धरायचे नाहीत, ही गोष्ट पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिली आहे.

५ जून

सगळे जण ज्या साधनापासून सुरुवात करतात, ते व्हिडिओ हाताळणारे `ffmpeg` च आधी वापरून पाहिले.

```
ffmpeg -i v07.mp4 -vf "select='gt(scene,0.3)',showinfo" -f null -
```

३३ पैकी दोन बदल सापडले. एक, गडद निळ्या शीर्षकस्लाइडवरून पांढऱ्या स्लाइडवर जाताना. दुसरा, मोरबे धरणाचे पडदाभर छायाचित्र आले तेव्हा. बाकी सारे निसटले.

असे का व्हावे, हे कागदावर मांडून पाहिल्यावर साधन चुकीचे नसून ते वेगळ्या कामासाठी आहे हे ध्यानात आले. `scene` हा आकडा काढताना लागोपाठच्या दोन फ्रेममधील प्रत्येक पिक्सेलच्या छटेचा फरक घेऊन त्याची सरासरी काढली जाते. ही सरासरी आणि ती आधीच्या सरासरीहून किती उडाली, या दोहोंतील लहान आकड्याला १०० ने भागतात. चित्रपटात दृश्य बदलले की जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलतो. पांढऱ्या स्लाइडवरून त्याच साच्यातील दुसऱ्या पांढऱ्या स्लाइडवर जाताना मात्र फक्त अक्षरांची जागा बदलते. समजा ४ टक्के पिक्सेल २०० छटांनी बदलले, तर सरासरी ८ येते आणि गुण ०.०८. तेव्हा ०.३ ची मर्यादा ठेवली तर सापडायचे ते काय?

मर्यादा ०.०५ वर आणली तेव्हा १९ बदल सापडले. उरलेले १४ बहुतेक त्या स्लाइडचे होते ज्यांना विरघळत येण्याचा परिणाम लावलेला आहे. तो परिणाम पाऊण सेकंद चालतो, म्हणजे तोच बदल साधारण १८ फ्रेममध्ये वाटला जातो आणि प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला नगण्य काहीतरी उरते. मर्यादा ०.०१ केली की २९ बदल मिळतात, पण मॅडमनी मान वळवली, चष्मा सारखा केला, की तेही 'बदल' म्हणून येते आणि यादी चारशेच्या वर जाते. मर्यादा खालीवर करण्यात आणखी वेळ घालवणार नाही. पूर्ण चौकटीची सरासरी हे माप या कामाचे नाही; बदल किती झाला याच्याइतकेच तो कुठे झाला हेही पाहायला हवे.

१० जून

सेकंदाला एकच फ्रेम घेतली, चेहऱ्याची चौकट काळी केली आणि रंग काढून टाकले.

```
ffmpeg -i v07.mp4 -vf "fps=1,drawbox=x=960:y=0:w=320:h=180:color=black:t=fill,format=gray" f/%05d.png
```

३२६० चित्रे मिळाली. प्रत्येक चित्राचे ८० × ८० पिक्सेलचे १४४ चौकोन पाडले. एखादा पिक्सेल ३० छटांहून अधिक बदलला तरच तो बदलला असे धरायचे, आणि चौकोनातील २ टक्के पिक्सेल बदलले तर तो चौकोन बदलला. माऊसचा बाण इकडून तिकडे गेला की बहुधा दोन चौकोन बदलतात : जिथून गेला तो आणि जिथे आला तो. नवा मुद्दा उमटला की एका ओळीत चार ते दहा, आणि स्लाइड बदलली की वीसच्या वर. दोन ओळींचा लांब मुद्दा आणि कमी मजकुराची स्लाइड यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे केवळ चौकोन मोजून मुद्दा आणि स्लाइड यांत फरक करता येणार नाही. तूर्त 'तीन किंवा अधिक चौकोन म्हणजे काहीतरी घडले' एवढेच ठरवले.

संध्याकाळी एक विचित्र गोष्ट आढळली. पडद्यावर काहीही न हलता, १०, २०, ३०, ४० अशा नेमक्या सेकंदांना बारीक अक्षरांच्या जागी पाचसहा चौकोन बदललेले दिसत होते. माणूस घड्याळ लावून दर दहा सेकंदांनी काही करत नाही, तेव्हा हे काम यंत्राचे. सेकंदाला २५ फ्रेम आणि दर २५० फ्रेमनंतर एक संपूर्ण नवी फ्रेम, असा एन्कोडरचा नेहमीचा हिशेब असतो. तो बरोबर दहा सेकंदांचा येतो. फाइल लहान ठेवण्यासाठी बिटरेट फार कमी ठेवलेला असल्याने मधल्या काळात अक्षरांच्या कडा चिखलासारख्या होतात आणि नवी फ्रेम आली की एकदम रेखीव होतात. खात्रीसाठी त्या फ्रेमच्या वेळा छापून घेतल्या आणि त्या तंतोतंत जुळल्या.

```
ffprobe -v error -select_streams v -skip_frame nokey -show_entries frame=pts_time -of csv v07.mp4
```

उपाय सोपा निघाला : फरक काढण्याआधी दोन्ही चित्रे पाच पिक्सेलच्या खिडकीने किंचित धूसर करायची. कडांचा रेखीवपणा त्यात विरून जातो, अक्षर असणे-नसणे मात्र राहते.

१६ जून

बदल शोधण्याऐवजी स्थैर्य शोधायचे, असा विचार आज उलटा फिरवला. सलग तीन सेकंद दोनपेक्षा जास्त चौकोन बदलले नाहीत तर त्याला 'स्थिर तुकडा' म्हणायचे. विरघळणारी स्लाइड दोन स्थिर तुकड्यांच्या मध्ये आपोआप गडप होते. शेवटी मॅडमनी सात स्लाइड भराभर पुढे ढकलल्या, त्याही कुठे नोंदल्या जात नाहीत, आणि ते योग्यच आहे.

इथे दोन बारकावे पाळावे लागले. नवी फ्रेम आधीच्या सेकंदाशी न ताडता चालू तुकड्याच्या पहिल्या फ्रेमशी ताडायची. नाहीतर हळूहळू साचणारा बदल कधीच मर्यादा ओलांडत नाही. आणि तुकड्याची सुरुवात म्हणून स्थैर्य सिद्ध झाल्याची वेळ न लिहिता हालचाल सुरू झाल्याची वेळ लिहायची. नाहीतर प्रत्येक प्रकरण तीनचार सेकंद उशिरा उघडते. स्लाइडमध्येच चालणारी, गाळाचे पुंजके खाली बसताना दाखवणारी ९५ सेकंदांची चित्रफीत कधी स्थिर होतच नाही. वीस सेकंदांहून लांब अस्थिर काळ मागच्या तुकड्यालाच जोडायचा, असा नियम केल्याने ती तिच्या स्लाइडखाली गेली.

एकूण ८६ तुकडे निघाले. वहीशी ताडल्यावर हिशेब असा लागला : ३४ खरी दर्शने, ४४ मुद्दे, लाल पेनने केलेल्या चार खुणा, आणि नवा संदेश आल्याचे सांगणारी निरोपाची चौकट दोनदा येऊन दोनदा गेली त्याचे चार. एकही खरे दर्शन सुटलेले नाही. आता जास्तीचे ५२ ओळखून काढायचे आहेत, आणि हे काम चित्रावरून होण्यातले नाही. त्यासाठी वाचावे लागेल.

२० जून

प्रत्येक तुकड्याची शेवटची फ्रेम दुप्पट मोठी करून ओसीआरला, म्हणजे चित्रातील अक्षरे वाचणाऱ्या कार्यक्रमाला दिली. मोठी करणे आवश्यक आहे. ७२० च्या व्हिडिओत मुद्द्याचे अक्षर जेमतेम १६-१८ पिक्सेल उंच असते आणि त्यात वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे माणसालाही डोळे बारीक करून पाहावे लागते.

```
tesseract p031.png p031 -l mar+eng --psm 6 tsv
```

कल्पना अशी : त्याच स्लाइडवर मुद्दा वाढला असेल तर जुन्या तुकड्यातले सगळे शब्द नव्यात सापडले पाहिजेत. जुन्यातील किती शब्द नव्यात आहेत हे प्रमाण ०.८ किंवा अधिक असेल, तर दोन्ही तुकडे एकाच स्लाइडचे. मागचे मुद्दे फिके करून नवा ठळक करण्याची मॅडमना सवय आहे. त्यात अर्धी चौकट बदलते, पण शब्द तेच राहतात, म्हणून ही कसोटी तिथेही टिकते.

क्लोरीनीकरणाची स्लाइड तपासासाठी घेतली. ती १४:५२ ला फक्त शीर्षक आणि एक ओळ घेऊन येते, नंतर १५:३१, १६:४० आणि १८:०५ ला एकेक मुद्दा वाढतो. शब्द अनुक्रमे ६, १४, २३ आणि ३१. पहिल्या पायरीला सहापैकी पाच शब्द जुळले, म्हणजे ०.८३, निभावले. दुसऱ्या पायरीला चौदापैकी अकराच जुळले, म्हणजे ०.७९, आणि स्लाइड तिथे तुटून तिच्या दोन झाल्या. न जुळलेले तीन शब्द पाहिले. आधीच्या फ्रेममध्ये 'अवशिष्ट' वाचले गेले, पुढच्या फ्रेममध्ये 'अवशीष्ट'. 'मिनिटे' आणि 'मिनीटे'. 'क्लोरीन' आणि 'क्लोरिन'. पडद्यावर दोन्ही वेळा तेच होते : अवशिष्ट क्लोरीन किमान ०.२ मि.ग्रॅ. प्रति लिटर, संपर्क वेळ ३० मिनिटे. एका फ्रेममध्ये कडा जरा जास्त विस्कटली एवढाच काय तो फरक, पण वेलांटीचे तेवढ्यानेच बिनसते.

व्यंजने मात्र जवळजवळ कधीच चुकत नाहीत. म्हणून तुलनेपुरते शब्दांतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पायमोड काढून टाकून नुसता सांगाडा ठेवला : 'अवशिष्ट' आणि 'अवशीष्ट' दोन्ही 'अवशषट', 'मिनिटे' म्हणजे 'मनट', 'क्लोरीन' म्हणजे 'कलरन'. चौदापैकी चौदा जुळले. मर्यादा ढिली करून ०.७ वर आणण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो, कारण चूक नेमकी कुठे होते हे माहीत असताना सगळीकडेच सूट देण्यात अर्थ नाही.

२४ जून

सांगाड्यांची तुलना करून ८६ तुकड्यांचे ३२ झाले. खरे उत्तर ३४. आकडा इतका जवळ आला की मी जवळजवळ समाधान मानले होते. वहीशी एकेक ओळ ताडल्यावर कळले की पाच खऱ्या स्लाइड गिळल्या गेल्या आहेत आणि तीन खोट्या शिल्लक आहेत. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. यापुढे नुसती बेरीज पाहायची नाही.

गिळलेल्या पाचही स्लाइड विभागशीर्षकांच्या होत्या. पडद्याच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत 'जलशुद्धीकरण' एवढाच एक शब्द, आणि पुढच्या स्लाइडचे शीर्षक 'जलशुद्धीकरण : टप्पे'. जुन्यातला एकमेव शब्द नव्यात आहे, प्रमाण १.०, म्हणून दोन्ही एकच. कसोटीच्या दृष्टीने हे बरोबर, प्रत्यक्षात चूक.

उत्तर ओसीआरच्या त्याच फाइलमध्ये पडले होते. `tsv` मध्ये प्रत्येक शब्दासोबत `left` आणि `top` असे त्याचे स्थानही असते. वाढत जाणाऱ्या स्लाइडवर जुने शब्द जागचे हलत नाहीत. दुसऱ्या स्लाइडवर तोच शब्द आला तरी तो बहुधा दुसरीकडे बसतो. म्हणून शब्द तोच आणि जागाही तीच, मूळ चित्रात १० पिक्सेलच्या आत, असेल तरच तो जुळला असे मानायचे. पाचही स्लाइड परत आल्या आणि संख्या ३७ झाली. प्रत्येक स्लाइडच्या तळाशी असणारे विषयाचे नाव मात्र नेहमी त्याच जागी असते; ती तळपट्टी तुलनेतून सरळ कापून टाकली.

उरलेल्या तिघांपैकी दोन तुकडे निरोपाची चौकट नाहीशी होतानाचे होते. एखादा तुकडा दहा सेकंदांहून लहान असेल आणि त्याच्या अलीकडचा व पलीकडचा तुकडा सारखाच असेल, तर मधला टाकून द्यायचा. चुकून पुढची स्लाइड दाबून लगेच मागे येणे, हेही यातच निस्तरते. ३५ राहिले. शेवटच्या खोट्या तुकड्यात मॅडमनी लाल पेनने इतक्या आवेशाने वर्तुळे काढली आहेत की खालचे निम्मे शब्द ओसीआरला दिसतच नाहीत. तो तसाच राहू दिला आहे. एका खुणेसाठी नियम वाढवला तर तो दुसरीकडे कुठेतरी नडेल.

१ जुलै

५४ मिनिटांच्या व्याख्यानाला ३५ प्रकरणे म्हणजे फोनच्या पडद्यावर संपता न संपणारी यादी. लागोपाठच्या स्लाइडचे शीर्षक सारखे असेल तर त्या एकत्र केल्या, आणि वीस सेकंदांहून लहान तुकडा, म्हणजे मुख्यतः विभागशीर्षके, पुढच्याला जोडला. १४ प्रकरणे झाली. मूळ ३५ तुकडे त्यांच्या पोटात रूपरेषेची दुसरी पातळी म्हणून राहतात, आणि पुन्हा आलेली स्लाइड दोनदा न लिहिता तिच्यापुढे दोन्ही वेळा लिहिल्या जातात.

शीर्षक कोणते हे ठरवताना वरच्या चौथाई भागातील सर्वांत उंच ओळ घ्यायची, हे उघड होते. देवनागरीत मात्र एकट्या शब्दाची उंची फसवते : 'मृदू' खाली लोंबतो, 'किती' वर चढतो, आणि 'जल' दोन्हीकडे आखूड राहतो. म्हणून ओळीतील सगळ्या शब्दांच्या उंचींचा मध्यक घेतला. शीर्षके विद्यार्थ्यांच्या नजरेस पडणार असल्याने ओसीआरची चूक तिथे खपणार नाही. ती एका साध्या फाइलमध्ये काढून मॅडमकडे पाठवली. चौदा ओळींतील तीन त्यांनी दुरुस्त केल्या आणि 'जलशुध्दीकरण' असे मीच एके ठिकाणी लिहिले होते तेही दाखवून दिले. मग प्रत्येक प्रकरणाची वेळ आणि शीर्षक `chap.txt` मध्ये लिहून ती फाइल व्हिडिओला जोडली.

```
;FFMETADATA1
[CHAPTER]
TIMEBASE=1/1000
START=892000
END=1160000
title=क्लोरीनीकरण
```

```
ffmpeg -i v07.mp4 -i chap.txt -map_metadata 1 -map_chapters 1 -codec copy v07c.mp4
```

`-codec copy` मुळे व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही आणि काम काही सेकंदांत उरकते. यूट्यूबवर चढवताना याच वेळा वर्णनात लिहायच्या आहेत. तिथे पहिली वेळ ०:०० असावी लागते, किमान तीन प्रकरणे लागतात आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचे हवे. आपल्या विलीनीकरणाने या अटी आपोआप पाळल्या जातात.

७ जुलै

शोधासाठी स्लाइडचा मजकूर एसक्यूलाइट या डेटाबेसच्या `fts5` या मजकूर-शोधाच्या तक्त्यात भरला. पहिलाच शब्द 'पाणी' शोधला. सोळा स्लाइड आल्या, त्यांतील दोनमध्ये पाण्याचा संबंध नव्हता. तिथे पुणे होते. 'पाया' शोधल्यावर 'पेय' आले.

आधी ओसीआरवर संशय घेतला, पण मजकूर स्वच्छ होता. दोष शब्द तोडण्याच्या रीतीत निघाला. `fts5` चा नेहमीचा `unicode61` हा टोकनायझर अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, आणि युनिकोडच्या वर्गवारीत आपले काना-मात्रा-वेलांटी-उकार अक्षरे नसून 'चिन्हे' आहेत. त्यामुळे तो प्रत्येक कान्यापाशी शब्द तोडतो, जणू तिथे स्वल्पविराम आहे. 'पाणी' चे 'प' आणि 'ण' असे दोन तुकडे होतात, 'पुणे' चेही तेच दोन. इंग्रजी मजकुरावर हा दोष कधीच दिसत नाही, आणि मराठीवरही चटकन लक्षात येत नाही, कारण हवी ती स्लाइड तर मिळतेच. फक्त तिच्यासोबत नको त्याही येतात. गंमत अशी की मात्रा काढून टाकणे या ज्या युक्तीने गेल्या महिन्यात तुलना वाचवली, तीच इथे न सांगता घडत होती आणि शोध बिघडवत होती.

चिन्हांचे दोन वर्ग शब्दाचा भाग म्हणून धरायला सांगितले की झाले.

```
CREATE VIRTUAL TABLE slide USING fts5(
  title, body, vid UNINDEXED, t UNINDEXED,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

पुणे गेले. पण लगेच दुसरी बाजू पुढे आली : शब्द आता पूर्ण राहत असल्याने 'पाणी' शोधल्यावर 'पाण्याची टाकी' सापडेना. सामान्यरूपाला आणि प्रत्ययाला तोडगा म्हणून शोधशब्दाच्या शेवटचे स्वरचिन्ह काढून पुढे तारांकित करतो, म्हणजे 'पाणी' साठी `पाण*`. यात 'पाणी', 'पाण्याची', 'पाण्यातील' हे सगळे येतात. 'पाणलोट' ही येतो, पण या विषयात तो काही परका नाही. मराठीचे व्याकरण जाणणारा खरा उपाय हा नव्हे, तरी चौदा शब्दांच्या चाचणीत बारांना योग्य स्लाइड सर्वांत वर आली. उरलेले दोन शब्द ओसीआरनेच चुकीचे वाचले होते. त्यांच्यासाठी सांगाड्यांचा एक वेगळा तक्ता ठेवला असून पूर्ण शब्दाने काहीच न मिळाल्यास तो 'जवळचे शब्द' या शीर्षकाखाली उघडतो. मात्राहीन तुलनेला तिची जागा मिळाली, पण दुय्यम.

१५ जुलै

तिसऱ्या वर्षातील सहा विद्यार्थ्यांनी आठवडाभर वापरून पाहिले, बहुतेकांनी ठाण्याहून नेरूळला येताना गाडीत, फोनवर. एकीने सांगितले, "सर, धडा उघडला की मॅडम वाक्याच्या मध्येच असतात." १४:५२ ला ऐकले तर खरोखरच "…ते पाहू" एवढेच कानी पडते. "बरं, आता जंतू मारायचे कसे, ते पाहू" असे म्हणत म्हणत मॅडम कळ दाबतात. स्लाइड वाक्याच्या शेवटी बदलते, प्रकरण मात्र वाक्याच्या सुरुवातीला सुरू व्हायला हवे.

सरसकट पाच सेकंद मागे जाण्याऐवजी बोलण्यातील विराम शोधले.

```
ffmpeg -i v07.mp4 -af silencedetect=noise=-35dB:d=0.6 -f null -
```

स्लाइडबदलाच्या आधीच्या आठ सेकंदांत संपलेला शेवटचा विराम घ्यायचा आणि तो जिथे संपतो तिथे प्रकरण सुरू करायचे. विराम न मिळाल्यास मूळ वेळ ठेवायची. क्लोरीनीकरण आता १४:४७ ला, 'बरं' या शब्दावर उघडते. नवव्या व्याख्यानात मात्र एकही विराम सापडला नाही. ऐकल्यावर कारण कळले : खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस कोसळतो आहे आणि मॅडम थांबल्या तरी पत्रा थांबत नाही. त्या एका फाइलसाठी −२८ डेसिबल ठेवावे लागले.

२२ जुलै

बारापैकी अकरा व्याख्याने पूर्ण झाली. दहाव्यात केवळ छायाचित्रे आहेत, भोकरपाडा जलशुद्धीकरण केंद्राच्या भेटीची; तिथे वाचायला शब्दच नसल्याने प्रमाण काढताना भाजक शून्य झाला आणि कार्यक्रम बंद पडला. चारपेक्षा कमी शब्द असतील तर चौकोनांवरूनच निर्णय घ्यायचा, असा फाटा जोडला आहे. त्या स्लाइडना शीर्षक नाही, म्हणून ती मॅडमच लिहून देणार आहेत.

बारावे व्याख्यान वर्गात, मागच्या बाकावर कॅमेरा ठेवून घेतलेले आहे. मॅडम पडद्यासमोरून जातात तेव्हा वीसेक चौकोन बदलतात आणि त्या बाजूला होईपर्यंत तुकडा स्थिर होत नाही. गडद छायाचित्र आले की कॅमेरा स्वतःचा उजेड वाढवतो आणि काही न घडता सगळे १४४ चौकोन बदलतात. प्रोजेक्टरवरच्या वेलांट्यांबद्दल तर बोलायलाच नको. पडद्याचे चार कोपरे पकडून चित्र सरळ करून पाहिले, तरी ओसीआरच्या हाती जेमतेम शीर्षके लागली. त्या फाइलसाठी प्रकरणांच्या वेळा वहीपेन घेऊन लिहिल्या. एक तास दहा मिनिटे लागली. पुढच्या सत्रात वर्गातही लॅपटॉपचा पडदा वेगळा रेकॉर्ड करण्याचे मॅडमनी मान्य केले आहे.